माहेरची बाजरी आणि नोटिशीचे उत्तर

माझे शालेय शिक्षण सातवीच्या पुढे गेले नाही, ही गोष्ट मी कोणापासून लपवलेली नाही. परंतु सुरतेच्या कोर्टाबाहेर लिंबाच्या झाडाखाली लाकडी पेटी मांडून मी जी वर्षे काढली, तेवढ्या अवधीत माझ्या हातून जितके कागद गेले तितके एखाद्या पदवीधराच्या हातूनही गेले नसतील. रेशनकार्डातील नाव, उशिराची जन्मनोंद, हरवलेला दाखला, विजेच्या मीटरची तक्रार, असा कोणताही विषय असो, खानदेशातून आलेला माणूस प्रथम माझ्याकडे येई. गुजराती आणि मराठी या दोन्ही लिप्या मला सारख्याच वळणदार लिहिता येत. कचेरीतील कारकून माझा कागद दुरूनच ओळखत, याचा मला अभिमान होता. तो पुष्कळसा खरा होता आणि म्हणूनच पुढे महागात पडला. मला नव्हे, दुसऱ्याला.

ही हकिकत नव्वदच्या दशकातली आहे. सलाबतपुऱ्यात तेव्हा जुन्या चाळी पाडून कापडाची दुकाने उभारण्याची घाई लागली होती. अशाच एका चाळीतील खालच्या खोलीत राहणारा यंत्रमागावरचा एक कारागीर एके दिवशी दुपारी माझ्यासमोर येऊन बसला. मूळचा आमच्याच बाजूचा, वयाने माझ्याएवढा, बोलायला सावकाश. बमरोलीच्या कारखान्यात पाळी करून तो तसाच आला होता. कानाच्या पाळीवर सुताचे तूस होते. सोबत त्याची बायको होती. पदराच्या गाठीतून तिने एक जाड लिफाफा काढला आणि माझ्या पेटीवर ठेवला.

नोटीस घरमालकाच्या वकिलाची, गुजरातीत टाइप केलेली, रजिस्टर पोस्टाने आलेली होती. मी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली व मराठीत सांगितली. भाडेकरूने मालकाच्या परवानगीविना खोलीत परका इसम पोटभाडेकरू म्हणून ठेवला आहे. सबब भाडेपट्टा रद्द करण्यात येत असून चालू भाडेमहिन्याच्या अखेरीस खोलीचा रिकामा ताबा सोपवावा, न सोपवल्यास कोर्टात दावा लावण्यात येईल, असा मजकूर होता. भाडे थकल्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. तसे लिहिण्याजोगे काही नव्हतेच.

“परका इसम म्हणजे कोण?” मी विचारले.

“माझा भाऊ,” बायको म्हणाली. “सख्खा. चार वर्षं झाली, आमच्यातच राहतो. माझ्या हातचंच खातो. तो परका, आणि शेठ आमचा सगा?”

“तू थांब जरा,” नवरा तिला म्हणाला आणि मग माझ्याकडे वळला. “भाऊ, मना शाला शे तो, भाडोत्री नही.” घरची अहिराणी तोंडातून निसटली म्हणून की काय, तो किंचित ओशाळला आणि पुढचे मराठीत बोलू लागला. “शेठशी मला भांडायचं नाही. चौदा वर्षं त्याच्या चाळीत राहिलो. एवढंच लिहा, की हा माझा मेहुणा आहे, खोली मी कोणाला दिली नाही. कोणत्या कायद्यानं, कोणत्या कलमानं खोली मागता, ते लेखी कळवा. आणि बसून बोलायला वेळ द्या, मी येतो. बस.”

अशिलाचे बोलणे प्रथम पेन्सिलीने कच्च्या कागदावर उतरवून घ्यायचे आणि मग शाईने पक्का मजकूर तयार करायचा, ही माझी पद्धत. मी पेन्सिल चालवीत होतो. बाई मध्येच म्हणाली, “आणि हेही लिहा, की सुगी झाली की तो मला माहेरची बाजरी आणतो. पोतं खांद्यावर घेऊन स्टेशनावरून चालत येतो. भाडोत्री असं करतो का?” मी तेही टिपून घेतले. बहिणीला, माहेरची, असे शब्द मी त्या कच्च्या कागदावर लिहिले होते. माझ्या डोळ्यांना ते आजही दिसतात.

मग मी त्यांना टपरीवर चहा पिऊन यायला सांगितले आणि पक्का मजकूर लिहायला घेतला.

आता माझ्या धंद्याची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे समजणार नाही. कचेरीत दिलेल्या अर्जाला पहिल्या चार ओळींत नम्रता लागते. उशीर झाला असेल तर उशिराची माफी मागावी, कागद हरवला असेल तर स्वतःच्या निष्काळजीपणाला दोष द्यावा, आणि मग मागणी मांडावी. साहेबाचे मन त्याने मऊ होते, शेरा अनुकूल पडतो. मी हे अनुभवाने शिकलो होतो आणि इतरांना शिकवीतही असे. माझ्या दृष्टीने प्रत्येक कागद हा अर्जच होता. समोरचा साहेब असो की घरमालक, मान लववून सुरुवात केली की काम होते, ही माझी श्रद्धा होती. वकिलाच्या नोटिशीचे उत्तर हा वेगळ्या जातीचा कागद आहे, त्यातली प्रत्येक ओळ उद्या कोर्टात उभी राहू शकते, हे मला माहीत नव्हते असे म्हणवत नाही. कोर्टाच्या फाटकाबाहेर इतकी वर्षे बसणाऱ्याला ते माहीत असायला हवे होते.

मी लिहिले. कायद्याचा आधार आणि कलम लेखी कळवावे, हे लिहिले. समक्ष भेटीची वेळ द्यावी, आपण समोरासमोर बसून खुलासा करू, हेही लिहिले. दोन्ही मागण्या मी चांगल्या भारदस्त शब्दांत मांडल्या. पण त्यांच्या आधी, माझ्या रीतीप्रमाणे, एक वाक्य घातले. त्याचा मराठी मतलब असा: “सदर इसमास आपल्या परवानगीविना माझ्या खोलीत जागा दिली ही माझ्या हातून झालेली कसूर असून ती उदार अंतःकरणाने माफ करावी, तथापि सदर इसम फुकट राहत नसून दरसाल बाजरीचे पोते आणून देतो, यावरून त्याची सचोटी दिसून येईल.”

त्या वाक्यावर मी खूश होतो. त्यात विनय होता आणि मेहुण्याची अब्रूही राखलेली होती.

दोघे परत आले तेव्हा मी त्यांना मजकूर मराठीत वाचून दाखवला. वाचून दाखवल्याशिवाय मी कधी कोणाची सही घेतली नाही. कारागीर मान खाली घालून ऐकत होता. त्या वाक्यापाशी त्याने मान वर केली.

“भाऊ, ही कसूर कोणती? मी तर चूक केली नाही ना?”

“ही लिहिण्याची रीत असते,” मी म्हणालो.

“पण मी माफी मागतो आहे, असं होतं ना त्याचं?”

“माफी मागितल्यानं माणूस लहान होत नाही. समोरचा विरघळतो.”

“आणि बाजरी तो यांना देत नाही, माझा भाऊ मला देतो,” बायको म्हणाली. “ते बहिणीचं गेलं कुठं?”

“वहिनी,” मी जरा कडक आवाजात म्हणालो, “घरचं सगळं कागदावर येत नाही. किती सालं मी हे काम करतो?”

तिने लिफाफा परत पदरात बांधला. नवऱ्याने एकदा कागदाकडे पाहिले, एकदा माझ्या चष्म्याकडे पाहिले आणि देवनागरीत सावकाश सही केली. मी पत्र वकिलाच्या नावे आणि नक्कल घरमालकाच्या नावे रजिस्टर पोस्टाने पाठवायला सांगितले, पोचपावती जपून ठेवायला सांगितले. एवढे सगळे मी बरोबर सांगितले.

आठवड्याने पोचपावत्या परत आल्या आणि त्यापाठोपाठ शेठचा निरोपही आला. भेटीला यावे, रविवारी, गादीवर. कारागीर धावत माझ्याकडे आला. “बघा, बोलावलं,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मी प्रथमच हसू पाहिले. “तुमच्या कागदानं काम केलं, भाऊ. तुम्हीपण चला माझ्यासोबत.” मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

शेठची गादी म्हणजे कापडाच्या दुकानामागची स्वच्छ पांढरी बैठक. शेठ साठीचे, मृदुभाषी गृहस्थ होते. “आवो भाई, बेसो,” म्हणून त्यांनी आम्हां दोघांना बसवले, पाणी दिले. त्यांचा वकील शेजारीच होता, मांडीवर फाइल घेऊन. बोलणे गुजरातीत झाले.

कारागिराने घरी तयारी केली होती, हे लगेच दिसले. तो शांतपणे म्हणाला, “शेठ, मी तुमच्याशी चौदा वर्षं नीट वागलो. मला एवढंच सांगा, कोणत्या कलमानं मला काढता? खोली पाडून दुकानं बांधायची असतील तर तसं सरळ म्हणा. त्याचाही कायदा असेल ना, आम्हाला पुन्हा जागा देण्याचा? तो लेखी द्या. मी वाचून घेईन कोणाकडून तरी.”

शेठ वकिलाकडे पाहू लागले. त्या क्षणी, मला आता स्वच्छ कळते, त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. चाळ पाडायची आहे म्हणून चौदा वर्षांच्या भाडेकरूला पुन्हा जागा देण्याची हमी न देता उठवता येत नव्हते, आणि पोटभाडेकरूची गोष्ट नोटिशीत नुसती ठोकून दिलेली होती. त्यांच्याजवळ पुरावा म्हणाल तर खोलीत ठेवलेली मेहुण्याची पत्र्याची पेटी, एवढाच.

मग वकिलाने फाइल उघडली आणि माझे पत्र बाहेर काढले.

“अक्षर फार सुंदर आहे,” तो म्हणाला. “कोणाचे?”

“माझे,” मी म्हणालो.

“असा कागद हल्ली बघायला मिळत नाही. मजकूरही आपलाच?”

“लेखनात माझी बरीच वर्षं गेली आहेत, साहेब.”

“सही घेण्याआधी यांना वाचून दाखवला असेलच आपण?”

“शब्द न् शब्द,” मी म्हणालो. “समजावून, त्यांच्या भाषेत. त्याशिवाय मी सही घेत नाही.”

“वा,” वकील म्हणाला. मग कारागिराकडे वळून त्याने ते वाक्य वाचले, शेवटपर्यंत. “परवानगीविना जागा दिली, ही तुमची कबुली. फुकट राहत नाही, पोते आणून देतो, हीही तुमचीच. मोबदला बाजरीचा असला तरी मोबदलाच. तुम्ही कलम विचारता? पोटभाडेकरू ठेवला तर ताबा मागण्याचा हक्क भाडेकायद्यानंच मालकाला दिला आहे. आणि तुम्हाला सगळं वाचून दाखवलं होतं, हे आत्ता यांनीच सांगितलं.”

कारागीर माझ्याकडे पाहत राहिला. रागाने नव्हे. मी काहीतरी बोलेन, एवढीच अपेक्षा त्या पाहण्यात होती. ते वाक्य यांचे नाही, माझे आहे. यांनी विचारले तेव्हा मी यांना गप्प केले, एवढे दोन वाक्यांत सांगता आले असते. तो कच्चा कागद त्या वेळी माझ्या पेटीत जसाच्या तसा होता. मी पाण्याचा पेला उचलला आणि उरलेले पाणी प्यालो.

बाहेर पडून आम्ही रिंगरोडपर्यंत चालत आलो. मग तो म्हणाला, “तुम्ही त्यांना सांगितलं का नाही, भाऊ?”

“अशा ठिकाणी अशिलाच्या वतीनं बोलायला मी वकील थोडाच आहे?” मी म्हणालो.

“वकील नाही,” तो म्हणाला. “लिहिणारे तुम्ही आहात.”

दावा लागला. कारागिराने मग खराखुरा वकील केला, आमच्याच भागातला एक तरुण, हुशार माणूस. त्याने मला फाटकाबाहेर गाठले आणि पेटीसमोर उकिडवा बसून सगळे समजावले. मेहुणा बहिणीच्या चुलीवर जेवतो, खोली भाडेकरूच्याच ताब्यात आहे, तर त्याला पोटभाडेकरू म्हणता येत नाही. दुसऱ्याला वेगळा ताबा देऊन त्याबद्दल काही घेतले, असे मालकाला सिद्ध करावे लागते. माफीचे वाक्य निभावून नेता येईल, तो म्हणाला. बाजरीचे अवघड आहे. “पण तुम्ही साक्षीला आलात तर तेही सुटेल. काका, एवढंच सांगायचं, की यांनी सांगितलं होतं ते वेगळं आणि मी माझ्या रीतीनं लिहिलं ते वेगळं. कच्चा कागद आहे ना तुमच्याकडे?”

“आहे,” मी म्हणालो.

“मग झालं.”

झाले नाही. मी जिथे बसतो त्याच फाटकातून आत जाऊन, शपथेवर, मी अशिलाचे शब्द बदलतो असे सांगायचे. ते ऐकायला आजूबाजूला ज्यांचे कागद मी लिहितो तीच माणसे असणार. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोर कोण बसले असते? मी स्वतःला असेच सांगितले. खरे कारण त्याहून लहान होते. माझ्या एका वाक्यात खोट होती, हे मला मोठ्याने म्हणायचे नव्हते. मी वकिलाला “बघू” म्हटले. पुढच्या वेळी प्रकृतीचे कारण दिले. नंतर एकदा तर त्याला येताना पाहून पेटी बंद करून चहाच्या टपरीवर गेलो.

कारागीर स्वतः एकदाच आला. बसला नाही. “शेठ म्हणतो, समजुतीनं सोडा, मुदत देतो,” तो म्हणाला. “वकील म्हणतो, लढू. तुम्ही येणार असाल तर लढतो.”

“निकालाचं कोणी सांगावं,” मी म्हणालो. “समजूत बरी असते कधी कधी.”

लिंबाच्या झाडाकडे पाहत तो म्हणाला, “बरं.” आणि गेला. कोर्टात समजुतीचा हुकूमनामा झाला. मुदत संपण्याआधीच त्याने खोली रिकामी केली. पुढे ती चाळ पाडली गेली. तिथे दुकाने झाली. मी त्या रस्त्याने जात नाही.

वर्षभराने शहराच्या कडेला डिंडोलीत मला एका लग्नाला जायचे होते. तो तिकडेच कुठेतरी राहतो, हे मला ठाऊक होते. निघण्याआधी मी पेटीच्या तळातून तो कच्चा कागद काढला आणि खिशात घातला. का घातला, हे मला तेव्हा नीट सांगता आले नसते.

शोधत गेलो. पत्र्याच्या छपराची, एका दाराची खोली होती. कामावर जायला त्याला आता दोन रिक्षा बदलाव्या लागत. तो घरीच होता. त्याने मला बसायला खाट दिली. बायकोने चहा केला आणि कप माझ्यासमोर ठेवून ती चुलीकडे वळली.

“मेहुणा कुठं असतो आता?” मी विचारले.

“बमरोलीला, कारखान्याच्या माळ्यावर,” तो म्हणाला. “इकडे राहा म्हटलं तर राहत नाही. माझ्यामुळं तुमची खोली गेली, म्हणतो.”

“सुगी झाली, तरी बाजरी नाही आणली यंदा,” बायको चुलीकडे पाहत म्हणाली. “पोतं दिसलं की शेजारी लिहून ठेवतील, म्हणे.”

ती हसत होती की नाही, हे मला कळले नाही. मी खिशातला कागद काढून कारागिराच्या हातात दिला. पेन्सिलीचे अक्षर पुसट झाले होते, पण वाचता येत होते. मेहुणा आहे. खोली कोणाला दिली नाही. कलम लेखी कळवा. बसून बोलायला वेळ द्या. सुगी झाल्यावर बहिणीला माहेरची बाजरी आणतो. त्याने सगळे वाचले. मग बायकोला वाचून दाखवले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले.

“हे तुमच्याकडे होतं?” तिने विचारले.

“होतं.”

“तेव्हापण?”

मी मान हलवली. तिने कप उचलले आणि बाहेर मोरीवर नेऊन घासू लागली. मला वाटले, आता निघावे. मी काही बोलायला तोंड उघडले. इतरांच्या वतीने मी आयुष्यभर माफ्या लिहिल्या. माझी स्वतःची एक मला सापडेना. बोलताना जे शब्द येत होते ते सगळे अर्जातले होते.

कारागिरानेच ती वेळ सावरली. फळीवरून त्याने रेशनकार्ड काढले. त्यावर अजून सलाबतपुऱ्याचाच पत्ता होता. “आलाच आहात तर एक अर्ज लिहून द्या,” तो म्हणाला. “पत्ता बदलायचा आहे. बरेच दिवस राहून गेलं.”

मी खिशातून पेन काढले, कोरा कागद मांडीवर घेतला आणि सवयीने डोक्यात पहिली ओळ जुळवू लागलो. पत्ता कळवण्यास विलंब झाल्याबद्दल.

“मी सांगतो तेवढंच लिहा, भाऊ,” तो म्हणाला.

त्याने सांगितले. तीन ओळी होत्या. मी त्या देवनागरीत लिहिल्या. मग त्याने कागद माझ्या हातातून घेतला, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवीत वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि सही केली.